बाकी कबूल केल्याचं पत्र आणि तीन वर्षांची मुदत

प्रश्न: आमचं सिमेंट-सळईचं दुकान आहे. एका बांधकाम ठेकेदाराला १८ मे ते ९ सप्टेंबर २०२२ या काळात पाच बिलांवर ६ लाख ४० हजारांचा माल उधारीने दिला. बिलावर ३० दिवसांची उधारी छापलेली आहे. १५ मार्च २०२३ ला त्याने ५० हजारांचा चेक दिला, तो वटला. नंतर मी तीन नोटिसा पाठवल्या. २१ ऑक्टोबर २०२४ ला त्याच्या फर्मच्या लेटरहेडवर पत्र आलं: "आपल्या खात्यावर आमची बाकी आहे, परंतु दोन गाड्या सिमेंट भिजलेले आले होते, त्याचा हिशेब झाल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत." सही त्याच्या मुलाची आहे, साइटचा सगळा व्यवहार तोच बघतो. आता नोव्हेंबर २०२५ उजाडला. तीन वर्षं होऊन गेली म्हणून दावा चालणार नाही असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, नोटिसा दिल्यात, काळजी नको. नक्की काय?

उत्तर:

दोघांचंही चुकतंय. तुमचा दावा मेलेला नाही, पण तो नोटिसांमुळे जिवंत आहे असंही नाही. तो जिवंत आहे त्या पत्रामुळे, आणि पत्र टिकलं नाही तर थोडाफार त्या चेकमुळे. पत्र टिकलं तर तुम्हाला २१ ऑक्टोबर २०२७ पर्यंत वेळ आहे. तरीही मी तुमच्या जागी असतो तर १५ मार्च २०२६ हीच शेवटची तारीख धरून कामाला लागलो असतो. का, ते सांगतो.

आधी तीन वर्षं कधीपासून मोजायची ते पाहू. लोक सहसा शेवटच्या बिलापासून किंवा शेवटच्या बोलण्यापासून मोजतात. १९६३ च्या मुदत कायद्याच्या परिशिष्टात विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दोन अनुच्छेद आहेत. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर अनुच्छेद १४ लागू होतो आणि माल पोचवल्या दिवसापासून तीन वर्षं मोजतात. उधारीची मुदत ठरलेली असेल तर अनुच्छेद १५, आणि मोजणी ती मुदत संपल्यापासून. तुमच्या बिलावर ३० दिवस छापलेले आहेत, म्हणून तुम्हाला अनुच्छेद १५. पहिलं बिल १८ मे २०२२ चं, त्याची उधारी १७ जून २०२२ ला संपली, म्हणून त्या बिलाची मुदत १७ जून २०२५ पर्यंत. शेवटचं बिल ९ सप्टेंबर २०२२ चं, त्याची उधारी ९ ऑक्टोबर २०२२ ला संपली, मुदत ९ ऑक्टोबर २०२५ पर्यंत. मधली तीन बिलं या दोन तारखांच्या मध्ये कुठेतरी. प्रत्येक बिलाचं घड्याळ वेगळं चालतं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

इथे हमखास एक युक्तिवाद होतो: "साहेब, आमचं चालू खातं आहे, खात्यातली शेवटची नोंद ज्या वर्षातली, ते वर्ष संपल्यापासून मोजा." ती सवलत अनुच्छेद १ मध्ये आहे, पण ती परस्पर खात्यासाठी, म्हणजे जिथे दोघांचंही एकमेकांकडे स्वतंत्र येणं तयार होत असतं अशा खात्यासाठी. तुम्ही त्याला सिमेंट देता आणि तो त्याचे पैसे देतो, यात येणं एकाच बाजूचं आहे. खातेवहीत जमा आणि नावे असे दोन रकाने असले म्हणजे खातं परस्पर होत नाही. तो तुम्हाला त्याच्या खडी मशीनची खडी विकत असता आणि दोन्हींचा हिशेब एकाच खात्यात चालत असता, तर गोष्ट वेगळी होती.

करोनाकाळातली सूटही तुम्हाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. तुमचं पहिलं बिलच मे २०२२ चं.

आता नोटिसा. घेणेकऱ्याने किती वेळा मागणी केली याने मुदतीत एका दिवसाचाही फरक पडत नाही. घड्याळ एकदा सुरू झालं की ते तुमच्या पत्रांनी थांबत नाही. ते नव्याने सुरू करायचं तर लेखणी समोरच्याने उचलावी लागते. माझ्याकडे एक गृहस्थ अशीच फाइल घेऊन आले होते. प्लास्टिकच्या पाकिटात आरपीएडीच्या सात पोचपावत्या, प्रत्येकीवर समोरच्याची सही. त्यांना वाटत होतं की सात सह्या म्हणजे सात वेळा कबुली. पोचपावतीवरची सही पाकीट मिळाल्याची असते. आतल्या देण्याची ती कबुली नव्हे. त्यांची तीन वर्षं उलटून दोन महिने झाले होते, आणि आठवी नोटीस काढा असं ते मला सांगत होते. वरातीमागून घोडं. उशीर माफ करून घेऊ, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. उशीर माफ करण्याची तरतूद मुदत कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे, पण ती अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. आजारपण असो की आपसात बोलणी चालू असोत, दाव्यासाठी ते कारण चालत नाही. शिवाय समोरच्याने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, मुदतीचा मुद्दा घेतला नाही तरी कलम ३ प्रमाणे मुदतबाह्य दावा फेटाळणं हे कोर्टाचंच काम आहे. ठेकेदाराचा वकील विसरेल, या भरवशावर राहता येत नाही.

मग त्या पत्राने काय केलं? कलम १८ म्हणतं की मूळ मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी देणं कबूल केलं, तर त्या सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. तुमचं पत्र २१ ऑक्टोबर २०२४ चं. त्या दिवशी पाचही बिलं मुदतीत होती, कारण पहिलंच बिल जून २०२५ मध्ये संपणार होतं. म्हणून पाचही बिलांना तिथून तीन वर्षं मिळाली. ज्या दिवसापासून मोजायचं तो दिवस सोडून मोजतात, म्हणजे २१ ऑक्टोबर २०२७ धरून.

तुम्हाला शंका असेल की पत्रात तो पैसे द्यायला नकार देतोय, मग ही कबुली कशी? ही शंका इतकी जुनी आहे की कायद्यानेच तिचं उत्तर कलमाखालच्या स्पष्टीकरणात देऊन ठेवलं आहे. कबुलीबरोबर पैसे द्यायला नकार असला, अजून द्यायची वेळ आली नाही असं म्हटलेलं असलं, किंवा उलट आपलंच काही येणं वळतं करून मागितलेलं असलं, तरी ती कबुलीच राहते. रकमेचा आकडाही लागत नाही. आकडा तुम्ही बिलं आणि चलनांवरून सिद्ध करायचा. पत्राने फक्त एवढंच दाखवायला हवं की सही केली त्या दिवशी आपण देणेकरी आहोत हे लिहिणाऱ्याला मान्य होतं. १९६१ च्या शापूर फ्रीडम मझदा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आहे: शब्दांतून धनको-ऋणकोचं चालू नातं आणि ते मान्य करण्याचा हेतू दिसला पाहिजे, आणि अशी वाक्यं उदारपणे वाचावीत, मात्र मुळात नसलेली कबुली त्यात घालू नये.

तुमच्या पत्रातलं "आपल्या खात्यावर आमची बाकी आहे" हे वाक्य त्या कसोटीला उतरतं. त्याऐवजी "आपला हिशेब तपासून कळवतो" असं असतं तर मी तुम्हाला आशा दिली नसती, कारण हिशेब तपासल्यावर बाकी शून्यही निघू शकते. "आम्ही तुमच्याकडून माल घेत होतो" हेही पुरत नाही. ते मागचा व्यवहार सांगतं, आजचं देणं सांगत नाही. भिजलेल्या सिमेंटची तक्रार मात्र खरी निघाली तर रक्कम कमी होईल. तो पुराव्याचा वेगळा प्रश्न आहे. मुदतीच्या बाबतीत ती तक्रार उलट तुमच्या उपयोगाची आहे, कारण बाकीतून काही वजा करा असं म्हणणारा माणूस बाकी आहे हे आधीच धरून चालतो.

हेच पत्र बरोबर एक वर्षाने, २१ ऑक्टोबर २०२५ ला आलं असतं तर? शेवटच्या बिलाची मुदत ९ ऑक्टोबरला संपली होती. बारा दिवस उशीर, आणि कलम १८ खाली त्या कागदाची किंमत शून्य. मुदत संपल्यानंतरची कबुली मेलेली मुदत उठवत नाही. तिथे करार कायद्याचं कलम २५(३) मदतीला येतं, पण त्याची मागणी जास्त आहे. मुदतबाह्य देणं मी देईन, असं सहीचं लेखी वचन लागतं, आणि मग त्या वचनावर नवा दावा होतो. फरक एका क्रियापदाचा आहे. "बाकी आहे" ही कबुली. "बाकी मार्चअखेर देतो" हे वचन. तुमच्या पत्रात वचन कुठेच नाही, म्हणून ते मुदतीतच आलेलं असणं तुमच्यासाठी सगळं काही आहे. पत्राचा मूळ कागद आजच प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, त्यावर स्वतः काही लिहू नका, आणि ते टपालाने आलं असेल तर पाकीटही जपा. तारखेवर वाद झाला तर शिक्का कामाला येतो. पत्रावर तारीख नसली तर ती साक्षीने सांगता येते, पण पत्र हरवलं तर त्यात काय लिहिलं होतं ते कलम १८ खाली तोंडी सांगून भागत नाही.

आता ज्या कारणासाठी मी २०२७ वर विसंबू नका म्हणतोय, ते कारण. सही मुलाची आहे. कायदा म्हणतो, सही देणेकऱ्याची स्वतःची किंवा यासाठी रीतसर अधिकार दिलेल्या प्रतिनिधीची हवी. फर्म बापाच्या एकट्याच्या मालकीची असेल तर मुलगा केवळ मुलगा म्हणून प्रतिनिधी होत नाही. ठेकेदार कैफियतीत लिहील की "मुलगा साइटवर देखरेख करतो, देणं कबूल करायचा अधिकार मी त्याला कधी दिला नाही, लेटरहेड टेबलावर पडलेलं असतं." हा बचाव लंगडा आहे, पण उलटतपासणीत तो कुठपर्यंत चालेल हे तुमच्याकडे काय आहे यावर ठरेल. मालाच्या ऑर्डर कोणी दिल्या? चलनांवर "माल मिळाला" म्हणून कोणाची सही आहे? दर कोणाशी ठरले? बँकेत चेकवर सही करायचा अधिकार मुलाला आहे का, त्याच्या सहीचा एखादा चेक तुम्हाला पूर्वी आलाय का? जीएसटीच्या नोंदणीत अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून त्याचं नाव आहे का? आणि सगळ्यात बोलकं म्हणजे मुलाच्या सहीचं याआधीचं एखादं पत्र, ज्यावर बापाने पुढे तसंच वागून दाखवलं. समजा मुलाने पूर्वी "चार दिवसांत चेक पाठवतो" असं लिहिलं आणि चार दिवसांनी बापाच्या सहीचा चेक आला. असा एक कागद सापडला तर माझी अर्धी काळजी मिटेल. मुलगा भागीदार असला तरी प्रश्न आपोआप सुटत नाही. एका भागीदाराच्या कबुलीने दुसरा केवळ तेवढ्याने बांधला जात नाही असं कलम २० सांगतं, तिथेही अधिकार दाखवावाच लागतो.

व्हॉट्सॲपवर त्याचे "देतो, थांबा" असे मेसेज असतील तर फोन बदलू नका आणि चॅट पुसू नका. ईमेलवरची कबुली काही उच्च न्यायालयांनी स्वीकारली आहे, पण मेसेजला कलम १८ च्या अर्थाने सही म्हणायचं का यावर मी दावा उभा करणार नाही. मुलाच्या अधिकाराला आणि तुमच्या तारखांना पूरक पुरावा म्हणून ते दाखल करू. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

पत्र मुलाच्या सहीवर घसरलं, तर उरतो चेक. कलम १९ प्रमाणे मुदतीच्या आत देण्यापोटी काही रक्कम भरली गेली तर भरल्या दिवसापासून नवी मुदत मिळते, पण पैसे भरल्याची नोंद देणेकऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने हवी. १५ मार्च २०२३ च्या चेकवर बापाची स्वतःची सही असेल तर चेक हीच ती सहीची नोंद. (हल्ली लोक यूपीआय किंवा एनईएफटीने पैसे टाकतात आणि आपण खूश होतो. बँकेच्या उताऱ्यावर देणेकऱ्याची सही नसते, म्हणून त्याच्याकडून सहीचं चार ओळींचं पत्र मागून घ्यावं. कलम १९ साठी भरणा मुदतीत व्हावा लागतो. त्याची लेखी नोंद दावा दाखल होण्याआधी मिळाली तरी चालते.) तुमचा चेक वटला आहे, आणि तेव्हा पाचही बिलं मुदतीत होती. तिथून तीन वर्षं म्हणजे १५ मार्च २०२६.

पण हे ५० हजार कशापोटी आले? ते सगळ्या खात्यापोटी आले असतील, तर उरलेले ५ लाख ९० हजार मार्च २०२६ पर्यंत मुदतीत राहतात. ते फक्त पहिल्या बिलापोटी आले असतील, तर समोरचा वकील म्हणेल की नवी मुदत त्या एकाच बिलाला मिळाली. पहिलं बिल १ लाख २० हजारांचं धरलं, तर त्यातले उरलेले ७० हजार वाचतील आणि बाकी चार बिलांचे ५ लाख २० हजार ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदतबाह्य झालेले असतील. चेकसोबत पत्र होतं का, मागे काही लिहिलं होतं का, ते पाहा. देणेकऱ्याने काहीच सांगितलं नसेल तर कोणत्या देण्यापोटी धरायचं ते करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे तुम्ही ठरवू शकता, आणि तुम्ही काय ठरवलंत हे तुमच्या खातेवहीत दिसतं. टॅली उघडा आणि त्या जमा नोंदीत `Agst Ref` निवडून बिल नंबर टाकलाय की `On Account` ठेवलंय ते बघा. दुसरं असेल तर तुमची बाजू भक्कम. पहिलं असेल तर मला सांगा, पण त्या नोंदीला आता हात लावू नका. मागाहून बदललेली नोंद उलटतपासणीत तुमच्या सगळ्या खात्यावरचा विश्वास घालवते, आणि इथे तर रक्कमच त्या खात्यावरून सिद्ध करायची आहे.

म्हणून तारीख १५ मार्च २०२६. पत्र टिकलं तर उत्तमच, दावा कितीतरी आधी दाखल झाला एवढंच होईल. पत्र टिकलं नाही तर चेकचा आधार हातात राहील. तुम्ही २०२७ ची वाट पाहिलीत आणि पत्र घसरलं, तर दोन्ही गेले. १५ मार्च २०२६ ला रविवार आहे. कोर्ट बंद असेल तर उघडल्या दिवशी दाखल करता येतं, मुदत कायद्याचं कलम ४ तशी मुभा देतं, पण सोमवारी सकाळी कोर्ट फी भरताना सर्व्हर बंद पडलेला मी पाहिला आहे. आपली शेवटची तारीख फेब्रुवारीत ठेवू.

फेब्रुवारी दूर वाटेल, पण मध्ये एक टप्पा आहे. तीन लाखांच्या वरचा व्यापारी मालविक्रीचा हा वाद वाणिज्य न्यायालयाच्या कायद्यात येतो. तिथे तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल तर कलम १२अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावाच लागतो. तो न करता आणलेला दावा फेटाळला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालात पक्कं केलं आहे. मध्यस्थीत गुंतलेला काळ मुदतीतून वगळतात. पण ठेकेदार हजरच झाला नाही आणि प्राधिकरणाने तसा अहवाल दिला, तर नेमके किती दिवस वगळायचे यावर भांडण होऊ शकतं. अर्ज याच महिन्यात केला तर ते दिवस मोजायची वेळच येणार नाही. मध्यस्थीत तो आला आणि बापाच्या सहीने तडजोड झाली, तर मुलाच्या सहीचा प्रश्नही तिथेच संपला.

यायच्या आधी एक प्रयत्न मात्र करून बघा, आणि तो नोटिशीच्या भाषेत नको. नेहमीसारखा खातेउतारा छापा, पाचही बिलं, चेकचे ५० हजार जमा, खाली ५ लाख ९० हजार बाकी, आणि त्याखाली "वरील बाकी बरोबर आहे व ती आम्ही देऊ" अशी ओळ. बापाकडे सहीसाठी द्या, सोबत भिजलेल्या सिमेंटच्या गाड्या कोणत्या ते लिहून द्या असंही म्हणा. "बरोबर आहे" एवढ्यावर थांबू नका, "देऊ" हवंच. काही बिलं आधीच मुदतबाह्य ठरली तर तोच शब्द कलम २५(३) खाली कामाला येईल. तो सही करेलच असं नाही. नाही केली तर आठवड्यापेक्षा जास्त थांबू नका.

येताना पत्राचा मूळ कागद, पाच बिलं, चलनं, टॅलीचा खातेउतारा, मार्च २०२३ चा बँक उतारा, आणि मुलाच्या सहीचे जे जे कागद सापडतील ते आणा. वटलेल्या चेकची प्रत बँकेकडे अर्ज करून मागवावी लागेल, त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज आधी टाका. वादपत्रात "दावा मुदतीत आहे" एवढी एक ओळ लिहून चालत नाही. मूळ मुदत उलटल्यानंतरचा दावा असेल तर ती कशाच्या आधारे वाढली हे वादपत्रातच सांगावं लागतं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ६ ची तशी अट आहे. पत्राची तारीख, त्यातलं वाक्य, मुलाचा अधिकार कशावरून, चेकची तारीख आणि तो कोणत्या खात्यापोटी, हे सगळं त्या एका परिच्छेदात बसवायचं आहे, आणि मुलाच्या कागदांचा गठ्ठा बघितल्याशिवाय मला तो परिच्छेद लिहिता येणार नाही.